माणसं नक्की किती?

हॉटेलच्या बँक्वेट विभागात रोज येणारा फोन साधारण असा असतो: ‘‘आमच्या कंपनीचा कार्यक्रम आहे. शंभर-सव्वाशे माणसं असतील. पुढच्या महिन्यात कधीतरी. पर हेड काय पडेल?’’ पलीकडून एक आकडा सांगितला जातो. विचारणारा तो डायरीत लिहून घेतो, आणखी दोन-तीन हॉटेलांना तसाच फोन करतो आणि सगळ्यात कमी आकडा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जातो. त्यावर बजेट मंजूर होतं. कार्यक्रम झाल्यावर बिल येतं ते त्याच्या दीडपट. मग हॉटेलने फसवलं म्हणून चिडचिड होते.

मी आधी हॉटेलच्या बाजूने कोटेशनं दिली आहेत आणि नंतर कंपनीच्या बाजूने मागवलीही आहेत. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, की यात फसवणूक क्वचितच असते. विचारलेलंच अर्धवट असतं, म्हणून उत्तरही अर्धवट मिळतं. फोनवर दर सांगणारा मॅनेजर मनाशी काहीतरी धरून चालतो: दोघांत एक खोली, एक वेळचं साधं जेवण, हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या, आठवड्यातला रिकामा दिवस. आपल्या डोक्यात असतात पडदा, स्टेज, रात्रीचं स्नेहभोजन आणि शनिवार. हे अंतर भरून काढायचं काम कोटेशन मागवणाऱ्या पत्राचं. आणि त्या पत्राचा जीव एका प्रश्नात असतो: माणसं नक्की किती?

एक उदाहरण घेऊन बघू. चाकण परिसरातली शेतीपंप बनवणारी एक मध्यम कंपनी आहे असं समजा. राज्यभरातल्या विक्रेत्यांची दोन दिवस, एक रात्र अशी परिषद तिला नाशिकमध्ये घ्यायची आहे. खानदेश, मराठवाडा आणि मुंबईकडून येणाऱ्यांना नाशिक मधलं पडतं. बोलावणं ९६ विक्रेत्यांना जाणार, कंपनीचे २४ जण, म्हणजे १२० माणसं. नवीन माणूस पत्रात सरळ ‘१२०’ लिहितो. पहिली गडबड तिथेच होते.

बोलावलेले सगळे येत नाहीत. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाच्या दुकानात हंगामाची गर्दी, कुणी आदल्या दिवशी ‘मुलाला पाठवतो’ म्हणतो. म्हणून विक्री विभागाने प्रत्येक विक्रेत्याला फोन करून नावानिशी यादी करायला हवी. समजा ९६ पैकी ८२ जणांनी नक्की येतो म्हणून सांगितलं. कंपनीचे २४ मिळवले की १०६. हा झाला अपेक्षित आकडा. हॉटेलला मात्र आणखी एक आकडा लागतो. तो म्हणजे किमान हमीचा, ज्याला तिथे सगळे एमजी म्हणतात. त्याचा अर्थ सरळ आहे: एवढ्या ताटांचे पैसे माणसं आली नाहीत तरी द्यायचे, आणि जास्त आली तर जितकी आली तितक्यांचे. हमी ९५ दिली आणि ९० जण जेवले तर ९५ ताटांचं बिल होतं. १०३ जेवले तर १०३चं. अपेक्षित आकडा १०६ असताना हमीही १०६ देऊन टाकणं म्हणजे न आलेल्या प्रत्येक माणसाचं जेवण आपल्या खिशातून देणं. उलट हमी ७० सांगून १०६ माणसं आणली तर शेवटच्या वीसेक जणांना पनीर संपलेलं असतं. स्वयंपाकघर हमीपेक्षा थोडं जास्त शिजवतं, पण दीडपट कुणी शिजवत नाही. अपेक्षित आकड्याच्या सुमारे दहा टक्के खाली हमी ठेवावी आणि पत्रात दोन्ही आकडे लिहावेत, हा मला व्यवहार्य वाटलेला रस्ता आहे.

आता खोल्या. १०६ भागिले दोन म्हणजे ५३, असा हिशेब करायचा मोह होतो. पण १०६ जणांतले सहा विक्रेते नाशिकचेच आहेत. ते रात्री घरी जाणार. राहणारे झाले १००, म्हणजे ५० खोल्या? तेही नाही. दोघांत एक खोली ही वाटणी नुसत्या बेरजेवर होत नाही, माणसं बघून करावी लागते. राहणाऱ्यांत पाच महिला विक्रेत्या आहेत, त्यांना तीन खोल्या. कंपनीच्या तीन महिला कर्मचाऱ्यांना दोन. पुरुष विक्रेते ७१, त्यांना ३६. दोन संचालकांना स्वतंत्र खोल्या द्याव्या लागतात. उरलेले कर्मचारी १९, त्यांना दहा. बेरीज ५३. म्हणजे उत्तर तेच आलं, पण ते योगायोगाने, आणि त्यात सहा खोल्या एकट्या माणसाच्या आहेत हे आपल्याला आता कळलं. बरीच हॉटेलं पॅकेजचा दर ‘दोघांत एक खोली’ धरून देतात आणि एकट्याने राहणाऱ्यासाठी वर पैसे लावतात. या सहा खोल्या पत्रात आल्या नाहीत तर त्या बिलात येतात.

शिवाय गोंदिया, चंद्रपूर, नांदेडकडचे दहा विक्रेते आदल्या रात्रीच पोचणार, कारण सकाळी साडेनऊच्या सत्राला दुसऱ्या कुठल्या गाडीने ते वेळेत येऊ शकत नाहीत. स्टेज, बॅनर, किट वगैरे लावायला कंपनीचे चौघे आधी जाणार. म्हणजे आदल्या रात्रीच्या सात खोल्या वेगळ्या. आणि ज्यांचा विसर हमखास पडतो ते ड्रायव्हर. डझनभर गाड्या आल्या तर डझनभर ड्रायव्हर जेवणार आणि झोपणार. त्यांचं जेवण कुठे आणि कोणत्या दराने, झोपायला डॉर्मिटरी आहे का, हे आधी विचारलं नाही तर रात्री दहा वाजता रिसेप्शनवर वाद होतो आणि दिवसभर गाडी चालवलेला माणूस गाडीतच झोपतो. मला हे फार लागतं. त्यांची एक ओळ पत्रात असलीच पाहिजे.

खाण्यापिण्याचा आकडाही प्रत्येक वेळी वेगळा असतो. पहिल्या दिवशीच्या दुपारच्या जेवणाला सगळे १०६ असतील. रात्री नाशिककरही थांबतील, म्हणजे तेवढेच. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र पंगत पातळ झालेली असते. लांबच्या मंडळींना गाड्या पकडायच्या असतात, काही जण त्र्यंबकेश्वरला किंवा वणीला जाऊन पुढे निघतात. त्या जेवणाला ७० जण धरले तरी पुष्कळ. हे वेगळं लिहिलं नाही तर हॉटेल तिन्ही जेवणांना एकच आकडा लावतं. ताटाचा दर नऊशे रुपये धरला तर १२० आणि ७० यांतल्या पन्नास ताटांचे ४५ हजार रुपये न जेवता गेले.

मेनूच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे वार. स्नेहभोजन गुरुवारी असेल तर सामिष खाणाऱ्यांतलेही कित्येक जण त्या दिवशी खात नाहीत. शनिवारचं तेच. श्रावणात तर सगळं गणितच बदलतं. चतुर्थी किंवा एकादशी आली की उपवासाची ताटं लागतात, आणि विक्रेत्यांमध्ये जैन मंडळी असली तर कांदा-लसूण आणि कंदमुळं वगळून वेगळा पदार्थ लागतो. ‘शाकाहारी ७०, सामिष २४, जैन १२’ अशी फोड दिली की स्वयंपाकघराला नेमकं कळतं. ती दिली नाही तर दोन सामिष पदार्थ सगळ्यांच्या हिशेबाने शिजतात आणि ताटाचा दर त्यावरच ठरतो.

माणसांचा आकडा हॉलमध्ये गेला की पुन्हा बदलतो. हॉटेलच्या माहितीपत्रकात ‘क्षमता २५०’ असं लिहिलेलं असतं. ती क्षमता नाटकाच्या थिएटरसारख्या ओळीने लावलेल्या खुर्च्यांची, आणि बहुधा स्टेज नसताना मोजलेली. नुसत्या खुर्च्यांना माणशी आठ-दहा चौरस फूट पुरतात. पण आपल्याला विक्रेत्यांच्या हातात नवीन पंपाचे भाग द्यायचे आहेत, गटात चर्चा घडवायची आहे. मग गोल टेबलं लागतात, ज्यांच्या स्टेजकडच्या बाजूला खुर्च्या नसतात. या मांडणीला माणशी पंधरा-सतरा चौरस फूट धरावे लागतात. १०६ माणसांना झाले साधारण १,८०० चौरस फूट. वीस बाय बारा फुटांचं स्टेज २४० खातं, मागे साऊंडवाल्याचं टेबल, कडेने चहा-पाण्याची जागा. म्हणजे सुमारे २,४०० चौरस फुटांचा हॉल हवा, आणि तोच माहितीपत्रकात अडीचशे क्षमतेचा म्हणून छापलेला असतो. १०६ माणसांसाठी १२० क्षमतेचा हॉल घेतला तर टेबलं मावत नाहीत, आणि हे कळतं आदल्या रात्री. म्हणून पत्रात माणसांबरोबर मांडणी लिहावी, आणि हॉटेलकडून हॉलची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मागावी. उंची विसरू नये. दोन फुटांचं स्टेज, त्यावर दोन फूट सोडून आठ फुटांचा एलईडी पडदा लावायचा तर बारा फूट उंची लागते. मध्ये झुंबर लोंबत असेल किंवा खांब असतील तर मागच्यांना पडद्याचा वरचा कोपरा तेवढा दिसतो. खांब फोटोत दिसत नाहीत, जागेवर जाऊनच बघावे लागतात.

तारखेचं गणित हॉटेलच्या डायरीतून बघितलं की सोपं वाटतं. शहरातल्या बिझनेस हॉटेलांना सोमवार ते गुरुवार कामानिमित्त येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी असते, शनिवार-रविवार खोल्या रिकाम्या असतात. लोणावळा, महाबळेश्वर किंवा नाशिकजवळच्या रिसॉर्टचं याच्या बरोबर उलट. म्हणजे एकच शनिवार पुण्याच्या हॉटेलात स्वस्त आणि लोणावळ्यात महाग असू शकतो. त्यावर लग्नाच्या तिथी. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि चांगल्या मुहूर्ताच्या दिवशी हॉटेल आपला मोठा हॉल ऐंशी-शंभर माणसांच्या बैठकीला देत नाही, कारण लग्नात तिथे पाचशे ताटं उठतात. पितृपक्षात लग्न नसतं, हॉल मोकळे असतात आणि त्या पंधरवड्यात कंपन्यांना चांगला दर मिळतो. मात्र नवीन उत्पादनाची सुरुवात त्या दिवसांत करायला काही विक्रेते नाखूश असतात. प्रशिक्षण किंवा आढावा बैठक असेल तर कुणाची हरकत नसते. नाशिकच्या बाबतीत २०२७च्या सिंहस्थाचं भान ठेवावं लागेल. पर्वण्यांच्या आसपास तिथे खोली मिळणं हाच प्रश्न असेल.

म्हणून पत्रात एक तारीख न देता पसंतीची आणि पर्यायी अशा दोन जोड्या द्याव्यात, आणि कोणत्या जोडीला दर कमी पडेल ते स्पष्ट विचारावं. तारखेबरोबर वेळही लिहावी, कारण हॉल ‘गुरुवारी’ मिळाला म्हणजे गुरुवारी सकाळी सहापासून मिळाला असं नसतं. बुधवारी रात्री त्याच हॉलमध्ये साखरपुडा असेल, तो बाराला संपेल, मंडप उतरवायला आणि साफसफाईला तीन तास जातील. आपल्या एलईडीवाल्याला पडदा उभा करून तपासायला पाच-सहा तास लागतात. सकाळी साडेनऊला सत्र सुरू करायचं तर हे जमत नाही. हॉल आदल्या दिवशी संध्याकाळपासून हवा असेल तर ते कोटेशन मागतानाच सांगावं. नंतर सांगितलं की त्याचे वेगळे पैसे लागतात, किंवा हॉल मिळतच नाही.

रात्रीच्या कार्यक्रमाचंही तसंच. लॉनवर जेवण आणि गाणी असा बेत सगळ्यांना आवडतो, पण ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त हॉलला त्यातून सवलत आहे, तीही आवाज आतल्या आत राहील अशी. पुरस्कार वाटप नऊला संपणार असेल तर लॉनवर गाण्याला जेमतेम तासभर उरतो. अशा वेळी लॉनवर जेवण आणि आत गाणी, किंवा सगळंच आत, असे दोन पर्याय मागवावेत. मद्य देणार असाल तर हॉटेलच्या परवान्यात लॉनची जागा येते का, की एक दिवसाचा वेगळा परवाना काढावा लागेल, त्याचं शुल्क कुणाकडे, हेही तिथेच विचारावं. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायचा परवाना कोण काढणार, हा त्याच ओळीतला पुढचा प्रश्न.

हे सगळं लिहिलं तर पत्र लांबलचक होईल असं वाटतं, पण होत नाही. आपल्या उदाहरणातलं पत्र असं दिसेल:

‘‘मा. बँक्वेट सेल्स मॅनेजर, सप्रेम नमस्कार. आमच्या कंपनीची दोन दिवसांची निवासी विक्रेता परिषद नाशिकमध्ये घ्यायची आहे. सोबत तारखांच्या दोन जोड्या दिल्या आहेत, दोन्ही गुरुवार-शुक्रवार आहेत. दोन्हींचे दर वेगवेगळे कळवावेत. अपेक्षित उपस्थिती १०६, किमान हमी ९५. राहणारे १००, खोल्या ५३, त्यांपैकी सहा एकट्यासाठी. आदल्या रात्री सात खोल्या जास्तीच्या. ड्रायव्हर १२, त्यांच्या जेवणाचा व झोपण्याचा दर वेगळा द्यावा. पहिल्या दिवशी दुपारचं व रात्रीचं जेवण १०६ जणांचं, दुसऱ्या दिवशी दुपारचं ७० जणांचं (किमान हमी ६०), दोन दिवसांत मिळून तीन वेळा चहा. शाकाहारी, सामिष व जैन अशी फोड सोबत आहे. हॉलमध्ये गोल टेबलांची मांडणी, २० बाय १२ फुटांचं स्टेज. हॉल बुधवारी संध्याकाळी सहापासून शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत हवा. एलईडी पडदा व साऊंड बाहेरून आणण्यास परवानगी आहे का, त्याचे व विजेचे काही शुल्क आहे का, ते कळवावे. हॉलची मापं, प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर, त्यावरील जीएसटी, आगाऊ रक्कम, रद्द करण्याच्या अटी आणि कोटेशनची मुदत लिहून द्यावी. आम्ही पंधरा दिवसांत निर्णय घेऊ. तोवर खोल्या व हॉल राखून ठेवता येतील का?’’

शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. हॉटेलं तात्पुरता ब्लॉक ठेवतात, पण त्याला मुदत असते आणि त्या काळात दुसरं गिऱ्हाईक आलं तर आपल्याला फोन करून ‘आज सांगा’ म्हणतात. निर्णयाची तारीख आपणच आधी दिली की त्यांनाही आपलं काम खरं वाटतं. एकाच वेळी पंधरा हॉटेलांना पत्र पाठवणाऱ्याला कुणी मनापासून दर देत नाही. नाशिकसारख्या गावात कोण कुणाकडे विचारतंय हे एकमेकांना कळतं. तीन-चार हॉटेलं पुरेत.

आता उत्तरं आली असं समजा. आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. पहिल्या हॉटेलने पॅकेज दिलं: राहणाऱ्या माणसाला ६,५०० रुपये, त्यात खोली, सगळी जेवणं, चहा, हॉल आणि लॉन. न राहणाऱ्याला २,२०० रुपये. एकट्याच्या खोलीला २,००० वर. दुसऱ्याने सुटे दर दिले: खोली ५,२०० रुपये, नाश्त्यासह. दुपारचं ताट ९००, रात्रीचं १,४००, चहा १५०, हॉल दिवसाला ६०,०००, लॉन ५०,०००. वरवर बघणाऱ्याला दुसरं हॉटेल स्वस्त वाटतं, कारण ५,२०० ही दोघांची खोली आहे आणि पहिल्याचे ६,५०० एका माणसाचे.

बेरीज करून बघू. पहिल्याचे शंभर माणसांचे साडेसहा लाख, सहा नाशिककरांचे १३,२००, सहा एकट्या खोल्यांचे १२,०००. एकूण ६,७५,२०० रुपये. दुसऱ्याच्या ५३ खोल्यांचे २,७५,६००, पहिल्या दिवसाच्या दोन जेवणांचे २,४३,८००, दुसऱ्या दिवसाच्या ७० ताटांचे ६३,०००, चहाचे ४७,७००, हॉलचे १,२०,००० आणि लॉनचे ५०,०००. एकूण ८,००,१००. आदल्या रात्रीच्या खोल्या आणि ड्रायव्हर दोन्हीकडे वेगळे. म्हणजे जे स्वस्त वाटत होतं ते सव्वा लाखाने महाग निघालं.

पण इथे थांबायचं नसतं. दुसऱ्या हॉटेलला खोल्या आणि जेवणातून सहा लाखांच्या वर मिळणार आहेत. एवढा धंदा देणाऱ्याकडून हॉलचं भाडं घेऊ नका असं म्हणणं रास्त आहे, आणि आठवड्यातला रिकामा दिवस असेल तर हॉटेलं बऱ्याचदा मान्यही करतात. हॉल आणि लॉन सोडलं की आकडा ६,३०,१०० होतो, म्हणजे पॅकेजपेक्षा ४५ हजारांनी कमी. फरक कुठून आला ते बघा. पॅकेजवाल्या हॉटेलने दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण सगळ्यांच्या माथी लावलं होतं, सुट्या दरात आपण ते सत्तरच जणांचं घेतलं. ही गोष्ट पहिल्या हॉटेललाही सांगता येते: ते एक जेवण पॅकेजमधून काढा आणि वेगळा दर द्या. माणसांची फोड आपल्याकडे तयार असल्याशिवाय हे बोलणं होऊच शकत नाही.

कराची ओळ अलीकडे जास्त बारकाईने वाचावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. जेवणावर मात्र सर्वसाधारणपणे पाच टक्के, पण मागच्या आर्थिक वर्षात ज्या हॉटेलने ७,५०० रुपयांच्या वरच्या दराने खोली दिली असेल तिथे १८ टक्के. म्हणजे आपण ५,२०० रुपयांची खोली घेतली तरी हॉटेलात महागडे स्वीट असतील तर जेवणावर १८ टक्के लागू शकतात. आपल्या हिशेबात जेवण आणि चहा मिळून साडेतीन लाखांच्या वर आहे, त्यावर १३ टक्क्यांचा फरक म्हणजे सुमारे ४६ हजार रुपये. वर मिळवलेली ४५ हजारांची बचत एवढ्यानेच पुसली जाते. जेवणावरच्या कराची वजावट कंपनीला सहसा मिळत नाही, म्हणून हा खरा खर्च आहे. नुसतं ‘प्लस टॅक्सेस’ लिहिलेलं कोटेशन परत पाठवून टक्के लिहून मागावेत.

गोव्यात परिषद घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या कंपन्यांनी यात एक गोष्ट आणखी बघावी. हॉटेलच्या खोलीवरचा कर हॉटेल ज्या राज्यात आहे त्या राज्याचा लागतो. महागड्या खोलीवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट नाशिकच्या हॉटेलात मिळू शकते, पण गोव्यात कंपनीची नोंदणी नसेल तर तिथल्या बिलावर मिळत नाही. दोन ठिकाणांची तुलना करताना हा आकडा अकाउंट्सच्या माणसाकडून आधीच मिळवून ठेवावा.

राहता राहिल्या रद्द करण्याच्या अटी. बहुतेक जण ‘पूर्ण कार्यक्रम रद्द झाला तर काय’ एवढंच वाचतात. तसं क्वचित होतं. नेहमी होतं ते वेगळंच: शेवटच्या आठवड्यात बारा-पंधरा माणसं गळतात. किती दिवस आधीपर्यंत किती खोल्या फुकट कमी करता येतील, हे त्यासाठी लिहून घ्यावं. ५३ खोल्यांपैकी दहा टक्के म्हणजे पाच खोल्या आठवडाभर आधीपर्यंत सोडता येतील, अशी अट मागण्यासारखी आहे. पण खोल्या सोडायची मुभा असूनही पैसे वाचत नाहीत असं पुष्कळदा होतं. चौदा माणसं गळली म्हणजे सात खोल्या मोकळ्या झाल्या असं नसतं. गळलेली माणसं वेगवेगळ्या खोल्यांतली असतात, त्यांचे जोडीदार तसेच राहतात आणि बिल सगळ्या खोल्यांचं होतं. त्यासाठी नावांची यादी पुन्हा बसवून मोकळ्या राहिलेल्या जोडीदारांना एकत्र टाकावं लागतं. हे काम हॉटेल करत नाही, कारण कोण कुणाबरोबर राहील हे त्यांना माहीत नसतं. जळगावचे आणि धुळ्याचे विक्रेते एका खोलीत चालतील की त्यांच्यात एरियावरून वाद आहे, हे आपल्या विक्री विभागालाच ठाऊक. ही फेरमांडणी कोण आणि कोणत्या दिवशी करणार, ते कोटेशन मान्य करतानाच ठरवून टाकावं.

हमीचा शेवटचा आकडा साधारण दोन-तीन दिवस आधी द्यायचा असतो. त्यानंतर हॉटेल एक कागद तयार करतं, त्याला तिथे एफपी म्हणजे फंक्शन प्रॉस्पेक्टस म्हणतात. स्वयंपाकघर, हाऊसकीपिंग, इलेक्ट्रिशियन, सुरक्षारक्षक सगळे तोच कागद बघून काम करतात. आपल्या ई-मेलमध्ये काय ठरलं होतं हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून सही करायच्या आधी पत्र आणि एफपी शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघावी: दुसऱ्या दिवशीची ७० ताटं, बुधवारी संध्याकाळी सहापासून हॉल, जैन जेवण, ड्रायव्हरांची सोय. ताटं मोजायला कोण उभं राहणार तेही त्यावर लिहून घ्यावं. प्रत्येक जेवण संपल्यावर आपल्या एका माणसाने बँक्वेट कॅप्टनबरोबर ताटं मोजून त्याच रात्री चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे दोन दिवसांनी येणाऱ्या बिलातले आकडे त्या चिठ्ठ्यांशी ताडून बघता येतात.